'मोठा टाइप' म्हणजे नेमका किती मोठा?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

आपल्या रविवार पुरवणीतले पुराणकथांचे सदर आमच्या घरी आजीसाठी राखून ठेवलेले असते. गेल्या दोन रविवारी ते मंदिराच्या रंगीत छायाचित्रावर पांढऱ्या, बारीक अक्षरांत छापले होते. वर्तमानपत्राच्या कागदावर शाई थोडी पसरते आणि पांढऱ्या अक्षरांच्या वेलांट्या, उकार त्यात बुजून जातात. आजीने भिंग लावून पाहिले आणि अंक माझ्या हातात दिला. "देवाचं चित्र छान आहे," एवढेच म्हणाली. पत्राचे निमित्त तेच.

आजी ब्याऐंशी वर्षांची आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले, पण पडद्याच्या मधोमध झीज आहे. ती सांगते, "ज्या अक्षराकडे बघावं तेच पुसतं, शेजारचं दिसतं." हे आम्हाला कळायलाच उशीर झाला, कारण ती शिवलीलामृताचा अकरावा अध्याय रोज खणखणीत वाचत होती. भद्रसेन राजा, सुधर्म आणि तारक, महानंदेच्या घरचे माकड आणि कोंबडा, कुठेही अडखळत नव्हती. एकदा सहज तिसरा अध्याय काढून दिला, तर कल्माषपाद राजाच्या नावावरच ती थांबली. अकरावा तिला पाठ होता. पोथी समोर असायची ती हाताला सवय म्हणून. घरातल्या वृद्धाला खरेच दिसते का हे पाहायचे तर पाठ नसलेले पान द्यावे. भ-म, घ-ध, थ-य यांची अदलाबदल होऊ लागली आणि अनुस्वार गळू लागले की समजावे.

मग दुकानातून 'मोठा टाइप' लिहिलेली पोथी आणली. घरी पट्टी लावली तर 'क'ची उंची, शिरोरेषेपासून खालपर्यंत, जेमतेम पावणेतीन मिलिमीटर भरली. शिवाय कागद इतका पातळ की मागची अक्षरे पुढे उमटत होती आणि ओव्या एकीला एक चिकटलेल्या. वरच्या ओळीचे उकार आणि खालच्या ओळीचे रफार एकमेकांत अडकलेले. इंग्रजी अक्षराला वर-खाली असला पसारा नसतो. आपल्या लिपीत अक्षर वाढवले आणि ओळींतले अंतर तेवढेच ठेवले तर वाचणाऱ्याचा काही फायदा होत नाही.

शेवटी झेरॉक्सच्या दुकानात गेलो. साधारण ए-फाइव्ह आकाराचे पान ए-फोरवर घ्यायचे तर 141 टक्क्यांवर काढावे लागते. पावणेतीन मिलिमीटरचा 'क' जवळजवळ चार मिलिमीटरचा झाला आणि ओळींतली जागाही त्याच मापाने वाढली. एकच बाजू छापून घेतली, कागद जाड आणि बिनचकाकीचा घेतला, वर स्पायरल घातले. स्पायरलमुळे पान टेबलावर सपाट राहते, दोन्ही हातांनी दाबून धरावे लागत नाही. दिवा समोर न ठेवता डाव्या खांद्यामागून, पानाजवळ आणला. काळ्या पुठ्ठ्याला दोन ओळी मावतील एवढी खाच कापून दिली, ती सरकवत वाचले की ओळ सुटत नाही.

उत्साहाच्या भरात मी तेच पान दुप्पट करून ए-थ्रीवरही आणले होते. ते फसले. एका नजरेत तीन-चार अक्षरेच मावायची, ओवीच्या शेवटी पोहोचेपर्यंत सुरुवात विसरायची. तेव्हा अक्षर किती मोठे करायचे हे ज्याचे त्याने दोन-तीन मापांची एकेक प्रत काढून ठरवावे. सगळी पोथी आधीच छापून आणू नये.

आता ऐकण्याचे. फोनवर पोथी लावून दिली की ऐन कथेत जाहिरात यायची. मग बटणांचा छोटा स्पीकर आणला, मेमरी कार्ड घालायचा. त्यात वेगळीच गंमत. आवाज वाढवायचे आणि पुढच्या फाइलवर जायचे बटण एकच. नुसते दाबले तर पुढे, दाबून धरले तर आवाज. आजी आवाज वाढवायला जायची आणि पाचव्या अध्यायातून थेट सहाव्यात पोहोचायची. त्यावर उपाय असा की आवाज एकदाच तिच्या कानाला जुळवून ठेवला आणि चालू-बंदच्या बटणावर गोंदाने तांदळाचा दाणा चिकटवला. बोटाला दाणा लागला की तेच बटण, बाकीच्यांना हात लावायचा नाही.

दुसरी भानगड क्रमाची. फाइलींना 1, 2, 3 असे आकडे दिले तर बरीच यंत्रे 1 नंतर 10 वाजवतात. 01, 02 असे दिले की चौदा अध्याय नीट लागतात. काही स्वस्त यंत्रे नाव बघतच नाहीत, कार्डावर ज्या क्रमाने फाइल टाकली त्याच क्रमाने वाजवतात. म्हणून कार्ड कोरे करून एकेक फाइल ओळीने टाकावी. आमचा स्पीकर बंद केला की चालू असलेली फाइल पुन्हा पहिल्यापासून सुरू करतो. म्हणून प्रत्येक अध्यायाचे दहा-दहा मिनिटांचे तुकडे केले. आजीला मधेच झोप लागली तरी फार तर दहा मिनिटे मागे जावे लागते.

हे तुकडे माझ्याच आवाजातले आहेत. बाजारातल्या ध्वनिमुद्रणांत पेटी-तबला इतका पुढे असतो की शब्द मागे पडतात, आणि उतारवयात कानालाही तेवढी निवड करता येत नाही. श्रीधर कवी 1729 साली गेले. मूळ ओव्यांवर आज कोणाचा हक्क नाही, कोणीही वाचून मुद्रित करावे. मी पंख्याखाली बसून केलेले पहिले मुद्रण आजीने नापास केले. "वारा वाचतोय का तू?" असे विचारले. पंखा बंद करून पुन्हा वाचले. प्रत्येक ओवीनंतर थोडे थांबलो, कारण तिला शेवटचा चरण माझ्याबरोबर म्हणायचा असतो.

दृष्टिहीन आणि अल्पदृष्टी वाचकांसाठी 2016 मध्ये सुरू झालेले 'सुगम्य पुस्तकालय' आहे. पण सदस्य व्हायचे तर छापील मजकूर वाचता येत नाही हे कागदोपत्री दाखवावे लागते. वयामुळे नजर अधू झालेली आमच्या आजीसारखी माणसे असल्या कागदांच्या वाटेला सहसा जातच नाहीत. त्यांचा भार पोथी छापणाऱ्यांवर आणि आपल्यासारख्या वर्तमानपत्रांवर आहे.

प्रकाशकांना विनंती अशी की मुखपृष्ठावर नुसते 'मोठा टाइप' न लिहिता 'क'ची उंची मिलिमीटरमध्ये छापावी. हरिविजयाचे छत्तीस किंवा पांडवप्रतापाचे चौसष्ट अध्याय एका जाडजूड ठोकळ्यात न बांधता तीन-चार भागांत द्यावेत, मांडीवर पेलतील असे. आपल्याकडे मागणी त्याहून लहान आहे. पुराणकथांच्या सदरातले चित्र शेजारी छापा आणि मजकूर कोऱ्या जागेवर, काळ्या अक्षरांत येऊ द्या. सदर दोन बोटे लांबले तरी चालेल. मी ते 141 टक्क्यांवर काढून आणीन.

आपला,
एक नातू, सांगली