सूचना : गणपती कोणत्या तारखेला बसवायचा?

या शहरात नव्याने आलेल्या कुटुंबांनी कृपया लक्ष द्यावे. घरच्या गणपतीची तारीख भारतातल्या कॅलेंडरवरून ठरवू नका. माध्यान्ही चतुर्थी असेल तो दिवस धरतात, आणि माध्यान्ह आपण राहतो त्या गावचा. २०२३ मध्ये भारतात गणपती १९ सप्टेंबरला बसले. न्यूयॉर्कमध्ये मात्र चतुर्थी १८ च्या पहाटे लागून १९ च्या पहाटेच संपली, म्हणून तिथे १८ तारीख. जवळच्या देवळात फोन करून स्थानिक पंचांगाची तारीख विचारून घ्या.

मंडळाचा उत्सव बहुधा शनिवार-रविवारी, हॉल मिळेल तसा असतो. ती तारीख वेगळी लिहून ठेवा. महाप्रसादाला नाव देताना लहान मुलांचीही द्या, ती हमखास राहून जातात आणि पानं कमी पडतात.