थंडीचा मेसेज एकदाच यावा

संपादक साहेब, निफाडला आमची द्राक्षबाग आहे. पुतण्याने छोटा प्रोग्राम केलाय, तो दर तीन तासांनी हवामानाचा अंदाज बघतो आणि पहाटेचं तापमान ५ अंशाच्या खाली दिसलं की मेसेज टाकतो, मग आम्ही बागेत शेकोट्या पेटवतो, ड्रिप चालू करतो. पण सुरुवातीला अंदाज ४.८, मग ५.२, परत ४.९ असा हलला की प्रत्येक वेळी नवा मेसेज, शेवटी लोक बघेनात. आता एकदा मेसेज गेला की अंदाज ७ च्या वर जाईपर्यंत दुसरा जात नाही. आणि अंदाज मिळालाच नाही तर तसंही कळवतो, नाहीतर मेसेज नाही म्हणजे थंडी नाही असंच वाटतं ना.

– एक द्राक्ष बागायतदार, निफाड