आडवा १४ एवढंच लिहून कोडं सुटत नाही

दादर, मुंबई

प्रिय सुहास,

सप्रेम नमस्कार.

गाडीत बसून पेपरातलं शब्दकोडं सोडवताना तू पाठवलेला निरोप मिळाला. ‘आडवा १४ काय असेल? लवकर सांग.’ याला मी काहीही उत्तर दिलं तरी ते चुकीचंच ठरेल. का, आणि पुढच्या वेळी काय पाठवलंस तर गाडी दोन स्टेशनं पुढे जाईपर्यंत उत्तर मिळेल, हे एकदा सविस्तर लिहितो.

कोड्यातला आकडा म्हणजे फक्त घराचा, म्हणजे जाळ्यातल्या चौकोनाचा, पत्ता. कोडं रचणारा शब्द आधी बसवतो आणि मग वरून खाली, डावीकडून उजवीकडे जात जिथे जिथे शब्द सुरू होतो तिथे क्रमाने आकडे टाकतो. त्यामुळे आजच्या कोड्यातला १४ आणि उद्याच्या कोड्यातला १४ यांचा एकमेकांशी काही संबंध नसतो. एकाच घरातून आडवा आणि उभा असे दोन्ही शब्द निघत असतील तर दोघांचा आकडाही एकच. म्हणून नुसता ‘१४’ पाठवणाऱ्याने तर अर्धा पत्तासुद्धा दिलेला नसतो. तू निदान ‘आडवा’ लिहिलं होतंस.

तुला वाटेल, शोधसूत्र, म्हणजे शब्द ओळखायला छापलेली ओळ, नसलं तरी दोन-तीन अक्षरं दिली की काम व्हावं. बघ करून. तीन घरं, दुसरं ‘र’, तिसरं ‘ण’. तीनपैकी दोन अक्षरं हातात आहेत. तरी चरण, धरण, मरण, वरण, शरण, हरण हे सहा शब्द जराही विचार न करता आठवतात, आणि सहाही अगदी रोजचे. यातला कोणता, हे अक्षरं कधीच सांगणार नाहीत. ‘भाताबरोबर वाढतात’ एवढं कळलं की एका क्षणात वरण. तेव्हा पाठवायच्या गोष्टींत पहिला मान शोधसूत्राचा. तेही छापलंय तसं, शब्दन् शब्द, अगदी ‘एक’, ‘चा’, ‘तील’सकट.

शब्दन् शब्द का, ते आपल्या मुंबईच्याच एका उदाहरणावर दाखवतो. समज, सूत्र छापलंय ‘मुंबईला पाणी पुरवणारा तलाव’ आणि घरं ३. घाईत तू लिहिलंस, ‘मुंबईतला तलाव, ३ अक्षरी’. सारखंच वाटतं ना? पण तुझ्या वाक्याने मला पवई, विहार आणि तुळशी आठवतील, कारण हे तिन्ही शहराच्या हद्दीत आहेत. मूळ सूत्राने मात्र पवई बाद होतो, त्याचं पाणी पिण्यासाठी येत नाही. उलट शहराबाहेरचे तानसा आणि भातसा आत येतात. मोडकसागर सहा घरांचा आणि वैतरणा चार घरांचा, म्हणून ते दोघे घरांच्या मोजणीतच गळतात. उरले विहार, तुळशी, तानसा, भातसा. म्हणजे तू सूत्र तुझ्या शब्दांत सांगितलंस तर चारातले दोन उमेदवार मला दिसलेच नसते, आणि नको तो एक दिसला असता. तेच सूत्र ‘मुंबईचा १८६० सालचा तलाव’ असं असतं तर एकही अक्षर न लागता ‘विहार’ म्हणून मोकळा झालो असतो. वर्ष, गावाचं नाव, एकवचन की अनेकवचन, हे सूत्रातले बारीक तुकडेच खरं काम करतात, आणि घाईत नेमके तेच गळतात.

आता घरांची संख्या. मराठी कोड्यात एका घरात एक अक्षर, म्हणजे काना-मात्रा-वेलांटी आणि जोडाक्षर सगळं मिळून एक. ‘वांद्रे’ दोन घरांत बसतं: वां, द्रे. ‘चर्चगेट’ चार घरांत: च, र्च, गे, ट. फोन किंवा संगणक अक्षरं मोजून देतो, पण त्याच्यावर जाऊ नकोस. तो काना, अनुस्वार, पाय मोडल्याची खूण, सगळं सुटं धरतो, आणि त्याच्या हिशोबाने ‘वांद्रे’ सात होतं. रोज इंग्रजी कोडी सोडवणाऱ्यांचं इथे हमखास चुकतं, कारण तिथे कंसात आकडा छापलेला असतो. आपल्याकडे बरेचदा तो नसतो आणि जाळ्यातले पांढरे चौकोन आपणच मोजायचे असतात. काळा चौकोन आला की थांबायचं. घडीवरचा चौकोन तेवढा नीट बघ. घडी घातलेल्या पेपरात तो हटकून नजरेतून सुटतो.

मग येतात मिळालेली अक्षरं. इथे कुठलं अक्षर मिळालंय हे फार महत्त्वाचं. आपल्या चार तलावांकडेच बघ. तिसरं अक्षर ‘सा’ आहे असं कळवलंस तरी तानसा की भातसा हे ठरत नाही. पण दुसरं अक्षर कोणतंही असो, लगेच निकाल: हा, ळ, न, त, चारही वेगळी. मुंबईतल्या नद्यांचंही असंच. ‘मुंबईतील एक नदी’, चार घरं. मिठी दोन घरांची म्हणून गेली. दहिसर, पोयसर, ओशिवरा उरल्या. शेवटचे दोन चौकोन ‘स’, ‘र’ भरलेले असले तरी दहिसर आणि पोयसर दोन्ही तसेच उभे. म्हणून अडलेल्या शब्दाला छेद देणाऱ्या शब्दांपैकी कोणता आधी सोडवायचा हे ठरवताना उमेदवार एकाखाली एक लिही आणि ते कोणत्या घरात वेगळे होतात ते बघ. त्या घरातून जाणारा उभा शब्द आधी घे. शेवटच्या घराला मी सगळ्यात कमी किंमत देतो. मराठीत तिथे र, न, ण, ई अशी तीच ती मंडळी येत राहतात.

एक गोष्ट पुष्कळांच्या लक्षात येत नाही. एकही अक्षर हातात नसलं तरी छेद देणारं सूत्र पाठवता येतं, आणि पाठवावंच. समज, तलावाच्या दुसऱ्या घरातून एक उभा शब्द जातो. त्याचं सूत्र ‘घर’, एकूण तीन घरं, आणि छेद त्याच्या तिसऱ्या घरात. घर म्हणजे सदन, भवन, मकान, निवास, आलय. तुला यातला एकही नक्की नाही, म्हणून तू ते सांगतच नाहीस. पण तलावाचं दुसरं अक्षर हा, ळ, न, त यांपैकीच हवं. निवासचा ‘स’ आणि आलयचा ‘य’ तिथे चालत नाहीत. सदन, भवन, मकान तिन्ही ‘न’वर संपतात. म्हणजे उभा शब्द तिघांतला कुठलाही असो, तलाव तानसाच. दोन्ही सूत्रं अडलेली, एकही अक्षर भरलेलं नाही, तरी त्यातलं एक पूर्ण सुटलं आणि दुसऱ्याचं शेवटचं अक्षर मिळालं. त्यासाठी मला फक्त एवढं कळायला हवं की आडव्याचं कितवं घर उभ्याच्या कितव्या घराला छेदतं.

याच्या उलट बाजूने मोठा घोळ होतो. अंदाजाने भरलेलं अक्षर खात्रीचं म्हणून कळवलं तर मी चुकीच्या दिशेने शोधत बसतो. वरच्याच ठिकाणी तू निवास धरून ‘दुसरं अक्षर स’ असं कळवलंस तर मला एकही तलाव सापडणार नाही. एकही शब्द बसत नाही, ही खूण ओळखायला शीक. अशा वेळी सूत्र अवघड आहे असं समजण्याआधी छेदाचं अक्षर खोडून बघावं. म्हणून नक्की अक्षरं वेगळी आणि अंदाजाची वेगळी सांगत जा. शुद्धलेखनाचंही भान ठेव. तुळशी कुणी ‘तुलसी’ही लिहितं, मग दुसऱ्या घरात ळ की ल हे रचणाऱ्याच्या मर्जीवर. काही रचणारे छेदाच्या जागी ऱ्हस्व-दीर्घही सैल सोडतात. एवढ्या फरकाने चांगला शब्द टाकून देऊ नकोस.

लिहायची पद्धत अशी ठेव: ‘आडवा १४. मुंबईला पाणी पुरवणारा तलाव. ३ घरं. ? न ?. दुसरं अक्षर उभ्या शब्दाचं तिसरं, सूत्र घर, सदन की भवन ठरत नाही.’ दोन अक्षरांमध्ये मोकळी जागा सोड, नाहीतर कुठे घर संपलं ते कळत नाही. रिकाम्या घरासाठी प्रश्नचिन्ह वापर. खालची रेघ नको. व्हॉट्सअ‍ॅपवर अक्षराच्या दोन्ही बाजूंना चिकटून ती रेघ टाकली की अक्षर तिरकं होतं आणि रेघा नाहीशा होतात, मग माझ्यापर्यंत नुसता ‘न’ पोचतो. फोटो पाठवणार असशील तर जाळं आणि सूत्रं दोन्ही एका फोटोत घे, पेपर सपाट धरून. नुसत्या जाळ्याचा फोटो म्हणजे पुन्हा बिनसूत्राचं कोडं.

काकूंनी विचारलेलं ‘ते बाराचं कोडं’ही असंच अर्धवट आहे. तोंडी कोड्यात घरं नसतात, अक्षरं नसतात, ओळ हाच सगळा आधार. बारा म्हणजे महिनेही असू शकतात आणि तासही. ‘तीन जण वाढायला, बारा जण जेवायला’ असं असेल तर घड्याळ: तीन काटे आणि बारा आकडे. पण ‘बारा फांद्या’ असं काही असेल तर बहुधा वर्ष. त्यांना अख्खी ओळ आठवत नसली तरी कोण कुणाला काय करतं, तेवढं क्रियापद आठवायला सांग. आकडे अनेक कोड्यांत तेच असतात, क्रिया मात्र बदलते.

पावसात पेपर भिजून सूत्रच वाचता येत नसेल तर मला विचारण्यात अर्थ नाही. त्याला छेद देणारे सगळे शब्द आधी सोडव. तीन घरांतली तिन्ही छेदली गेली असतील तर शब्द आपोआप भरतो. एक घर जरी मोकळं राहिलं तरी वरणाचं मरण होऊ शकतं. मग दुसऱ्या कुणाच्या पेपरात ते सूत्र बघून घे, किंवा तुझा पेपर कालचं उत्तर आज छापत असेल तर उद्याची वाट बघ.

काकूंना नमस्कार सांग.

तुझा,
अविनाश