निम्मं-निम्मं

प्रिय बाळा,

परवा तू अभिमानाने सांगितलंस, "आई, आमच्याकडे सगळा खर्च निम्मा-निम्मा. कुणाचं कुणावर ओझं नाही." तेव्हा सूनबाई हातातल्या पेल्याकडे बघत गप्प बसली होती. ते काही माझ्या मनातून जाईना, म्हणून लिहितेय.

जरा मांडून बघ. तुझी कमाई 150 धर, तिची 50 आणि घरखर्च 80. दोघांनी 40-40 घातले की तुझ्याकडे उरतात 110, तिच्याकडे 10. मग तू सहलीचं ठरवतोस आणि ती म्हणते, "मला नाही जमणार, तू जा." तुला वाटतं, तिला हौसच नाही.

कमाईच्या प्रमाणात भरलंत तर तू 60, ती 20. हे बरंच बरं. तरी तुझ्या हाती 90 आणि तिच्या हाती 30 राहतातच. मला विचारशील तर दोघांचे 200 एकत्र करा. त्यातून आधी घरखर्चाचे 80 काढा, मग 60 दोघांच्या नावावर शिलकीत टाका. उरलेले 60 दोघांना 30-30 वाटून घ्या. त्या तिसाचा हिशोब कुणी कुणाला विचारायचा नाही. कुणाच्या डोक्यावर जुनं कर्ज असेल किंवा आईवडिलांना पैसे पाठवायचे असतील, तर ते कितपत सामायिक धरायचं हे आधीच बोलून घ्या. ते मध्येच निघालं की फार लागतं.

तो हिशोब न विचारण्याचा भाग मी अनुभवाने सांगतेय. तुझ्या बाबांनी मला पैशाला कधी नाही म्हटलं नाही. पण मागावे लागायचे. एकदा चपलेचा अंगठा तुटला, तर मी पंधरा दिवस तो शिवून शिवून चालले, कारण त्या महिन्यात एकदा मागून झालं होतं. त्यांना याचा पत्ताच नव्हता. आपण कधी अडवत नाही, एवढंच त्यांना दिसायचं. मीही बोलले नाही, आणि ते न बोलणं वर्षानुवर्षं माझ्या आवाजात उतरत राहिलं. तू लहान होतास, तुला ते चिडचिड म्हणून आठवत असेल.

आणखी एक. मोठं घर तुला हवं होतं. तिला परवडलं असतं त्याहून जे जास्तीचं भाडं आहे, ते तुझ्या आवडीचं आहे. एकत्र करायचं नसेल तर निदान तो फरक तू उचल, आणि भांडणात "घर कोण चालवतं" हे तोंडातून कधी काढू नकोस. एकदा निघालं की पुढे प्रत्येक निर्णयाला ती आधी तुझा चेहरा बघेल.

या रविवारी वही घेऊन बसा. आकडे तिला लिहू दे, आणि तिचं लिहून होईपर्यंत तू बोलू नकोस.

तुझी,
आई