मूठभर की मुठीएवढा?

प्रिय पक्या,

तुझा मेसेज वाचला, हसलो आणि मग म्हटलं नीट पत्रच लिहावं. वजनकाटा नाही म्हणून तू जेवण हाताने मोजायला लागलास ते बरोबरच आहे रे, पण 'मूठभर भात खातो तरी भूक जात नाही' म्हणतोस ना, तिथेच घोळ झालाय. मूठभर म्हणजे बंद मुठीच्या आत मावेल तेवढं, आणि भाताचं माप आहे मुठीएवढा, म्हणजे मुठीचा बाहेरून जो आकार दिसतो तेवढा ढीग. दोन्हीत केवढा फरक आहे बघ!

तसंच पसा आणि ओंजळ. पसा एका हाताचा, ओंजळ दोन हातांची. बदाम, शेंगदाणे पसाभर म्हणून ओंजळभर खाल्लेस तर सरळ दुप्पट झाले, आणि पसासुद्धा शीग लावून नाही भरायचा, बोटं जवळ घेऊन खळगा होतो तेवढाच.

आता तुझी मूठ किती मोठी ते आधी मोजून घे, कारण साधारण एक कप म्हणजे 240 मिली सांगतात पण सगळ्यांच्या मुठी सारख्या नसतात. मी काय केलं, एक पातेलं काठोकाठ पाण्याने भरलं, मूठ मनगटाच्या रेषेपर्यंत हळूच बुडवली, पाणी सांडू दिलं, हात बाहेर काढला आणि 1 लिटरच्या भरलेल्या बाटलीतून पातेलं परत काठोकाठ केलं. बाटलीतलं साधारण एक तृतीयांश पाणी गेलं, म्हणजे माझी मूठ 330 मिलीच्या आसपास. मोकळा शिजलेला भात कपाला साधारण 160 ग्रॅम भरतो, म्हणजे माझ्या मुठीएवढा भात 220 ग्रॅम, जवळपास 290 कॅलरी. मी इतके दिवस 200 धरत होतो, बोंबला!

आणि हे शिजलेल्या भाताचं हं. कच्चा तांदूळ मुठीएवढा घेतलास तर शिजून तिप्पट होतो.

चिकन, मासा यांना तळहात, बोटं सोडून, आणि जाडीही तळहाताएवढीच. जाडी विसरतात सगळे! साधारण 85 ते 115 ग्रॅम येतं. कच्चं मोजलंस तर शिजल्यावर पाव हिस्सा आटेल हे धरून घे. सूप, रस्सा असलं पातळ काही हाताने मोजायच्या फंदात पडू नकोस, एक वाटी ठरव, बाटलीच्या पाण्याने एकदा मोज, मग तीच वापर. तेलाला तर चमचाच. इन्सुलिनचा डोस ठरवायला मात्र हा हात अजिबात चालणार नाही, काकांना सांग.

आज रात्री पाण्याचा प्रयोग कर आणि तुझा आकडा कळव. माझ्यापेक्षा मोठी मूठ निघाली तर मला आश्चर्य नाही वाटणार, कॅरममध्ये अख्खा बोर्ड झाकायचास.

तुझा,
बाळ्या