एकट्या ज्येष्ठांच्या दारात कुठलं नाव सांगायचं?

मा. संपादक यांस,
स.न.वि.वि.

आमच्या अनगोळ भागात गल्लीतल्या एकट्या राहणाऱ्या ज्येष्ठांकडं रोज सकाळी डोकावून यायचं असं आम्ही काही जणांनी ठरवलं, आणि काम सुरू व्हायच्या आधीच गाडी अडली ती नावावर. कुणी म्हणेल नावात काय एवढं, ठेवा काहीतरी आणि लागा कामाला. पण या कामात नाव पाटीवर कमी आणि दारात जास्त लागतं. कडी लावलेल्या दाराच्या आतून "कोण हाय?" असा आवाज आला की बाहेर उभा असलेला पोरगा जे उत्तर देणार ते आमचं नाव, आणि ते आतल्या माणसाबरोबर सगळी गल्ली ऐकणार. म्हणून हे जरा सविस्तर लिहितोय, खानापूर-निपाणीकडं कुणी असा ग्रुप काढत असेल तर त्यांना उपयोगी पडेल.

आधी सांगायला पाहिजे की ही माणसं कोण आहेत. यातल्या बहुतेकांचं स्वतःचं घर आहे, पेन्शन आहे नाहीतर शेताचा वाटा येतो, पोरं पुण्याला किंवा बेंगळूरला आहेत, फोनही करतात. कमी पडतंय ते एवढंच की सकाळी उठल्यावर आपण उठलोय हे कळणारं जवळ कुणी नाही. रात्री बाथरूममध्ये पाय घसरला तर दुधाची पिशवी दुपारपर्यंत दाराच्या कडीलाच लटकत राहते आणि जाणारे-येणारे बघून पुढं जातात. आमचं काम तेवढंच, सात ते नऊच्या दरम्यान दूध, पेपर आत गेलेत का बघायचं, गेले नसतील तर हाक मारायची, उत्तर नाही आलं तर फोन करायचा, फोनही उचलला नाही तर ज्यांच्याकडं दुसरी किल्ली ठेवलीय त्यांना बोलवायचं. किल्ली कुणाकडं ठेवायची ते त्या त्या माणसानं स्वतः ठरवायचं, आम्ही नाही.

पहिल्या बैठकीत जी नावं आली त्यात 'निराधार', 'वृद्ध', 'एकाकी' हे शब्द होते. सुचवणाऱ्यांचं मन चांगलंच होतं. पण बैठकीत आमच्याच गल्लीतल्या एक रिटायर्ड शाळामास्तरीण बाई बसल्या होत्या, वय झालंय पण आवाज अजून वर्गातलाच, त्या म्हणाल्या, "घर माझं हाय, पेन्शन माझ्या खात्यावर येतंय, पोरगा रोज फोन करतोय. निराधार कोण हाय इथं?" आणि बरोबरच आहे की. 'निराधार' म्हटलं की लोकांना सरकारी योजना आठवते, फॉर्म आठवतो, तहसीलदार ऑफिसची लाइन आठवते. असं नाव घेऊन आम्ही रोज दारात उभं राहिलो तर त्या बाईंना आमचा त्रासच जास्त, कारण पलीकडच्या घरात लगेच कुजबुज सुरू की यांच्या पोरानं टाकलंय वाटतं.

मग कुणीतरी 'संध्या' जोडून छान छान नावं काढली. ऐकायला गोड, पण कर्नाटकात म्हाताऱ्यांच्या पेन्शनची योजनाच 'संध्या सुरक्षा' नावाची आहे, त्यामुळं आमच्याकडं "संध्याचे आलेत" म्हटलं की आजी पासबुक घेऊनच बाहेर येणार. 'आधार'चं तर त्याहून अवघड. शब्द मराठीत चालतो, कन्नडमध्येही तोच अर्थ, म्हणून बऱ्याच जणांना आवडला होता. आम्ही तो एका अज्जांच्या दारात म्हणून बघितला, "अज्जा, आधारवाले आलोय." ते आत गेले, ट्रंक उघडल्याचा आवाज आला, आणि प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळलेलं आधार कार्ड आणून त्यांनी आमच्या हातात ठेवलं. विचारलं काही नाही, कशाला पाहिजे म्हणून सुद्धा नाही. सध्या केवायसीच्या नावाखाली म्हाताऱ्यांची खाती कशी रिकामी करतात ते आपल्याच पेपरात येतं, आणि अशा दिवसात आपल्या नावामुळं एखाद्याला अनोळखी माणसाच्या हातात कार्ड द्यायची सवय लागत असेल तर ते नाव कितीही चांगलं असलं तरी सोडलंच पाहिजे. सोडलं.

आता आपल्या भागाची म्हणून एक गोष्ट आहे, ती बाहेरच्यांना पटकन लक्षात येणार नाही. बेळगावात 'समिती' म्हटलं की लोक महाराष्ट्र एकीकरण समितीच समजतात, 'वेदिके' म्हटलं की कन्नड संघटना, 'सेना' आणि 'दल' म्हटलं की अजून तिसरंच. या शब्दांना इथं इतक्या वर्षांचं वजन आहे, गावाचं नाव सुद्धा २०१४ च्या एक नोव्हेंबरला सरकारी कागदावर बदललं आणि घराघरात आजही बेळगावच म्हणतात. ज्याची त्याची भावना ज्याच्या त्याच्याजवळ, मी त्यात पडत नाही. पण आमच्या गल्लीत मराठी आहेत, कन्नड बोलणारे लिंगायत आहेत, पुढच्या वळणावर मुसलमान घरं आहेत, आणि एकट्या राहणाऱ्या आज्या तिन्हीकडं आहेत. ज्या नावानं यातलं एक जरी दार बंद होत असेल ते नाव या कामाचं नव्हे. म्हणून ठरवलं की नावाच्या शेवटी समिती, सेना, दल, वेदिके यातलं काहीच लावायचं नाही.

यानंतर एक कानाच्या डॉक्टरांकडून मुद्दा आला, त्यांची आईच एकटी राहते म्हणून ते बैठकीला आले होते. ते म्हणाले, वय झाल्यावर कानाला आधी वरच्या पट्टीतले आवाज ऐकू येईनासे होतात, म्हणजे स, श, फ, थ असले. म्हाताऱ्यांना बोललेलं कळतं पण शब्द नीट लागत नाही म्हणतात ते यामुळंच. त्यात फोनवर आवाज अजून दबतो. म्हणजे 'स्नेहस्पर्श' सारखं नाव कागदावर कितीही सुंदर दिसलं तरी बंद दारातून आतल्या कानापर्यंत पोचेपर्यंत त्याचा निम्मा भाग गळून जाणार. त्यांचं म्हणणं, नाव आखूड ठेवा, जोडाक्षर टाळा, ब, म, ज, ग असली अक्षरं आणि आ, ऊ सारखे मोठे स्वर असू देत. आम्ही मग राहिलेली नावं एकानं दार लावून आत बसायचं आणि दुसऱ्यानं बाहेरून म्हणायचं अशी करून बघितली, आत मुद्दाम फॅन आणि टीव्ही चालू ठेवून. सुंदर नावं बरीचशी तिथंच पडली.

टिकलं ते 'बाजूवाले'.

हे नाव सुचवलं पण त्याच मास्तरीण बाईंनी. त्यांचं म्हणणं साधं होतं, पोराचा फोन आल्यावर मी काय सांगणार ते नाव पाहिजे. "बाजूवाले येऊन गेले" असं म्हटलं की पुण्यातला पोरगा दचकत नाही, आईला कुठल्या संस्थेनं धरलंय का असं त्याला वाटत नाही, शेजारी येऊन गेले एवढंच कळतं आणि तेच खरं असतं. कन्नड घरात सुद्धा आपल्याकडं शेजारच्या घराला बाजू मनीच म्हणतात, दखनी बोलणाऱ्यांकडं बाजूवाले आहेतच, त्यामुळं कुणाला समजावून सांगायची गरज पडली नाही. आणि मला सगळ्यात आवडलं ते हे की या नावात देणारा आणि घेणारा असे दोन भाग पडत नाहीत. मी तुमचा बाजूवाला तर तुम्हीही माझे बाजूवालेच. त्या बाई आता रोज सकाळी कोण कुणाकडं जाऊन आलं त्याची वही सांभाळतात, नऊ वाजून गेले आणि एखाद्या नावापुढं टिक नसली की पहिला फोन त्यांचाच येतो. 'वृद्ध सहाय्य' नाव असतं तर त्या वहीत त्यांचं नाव फक्त एकाच बाजूला लिहिलं गेलं असतं.

या नावात अडचण नाही असं नाही. कुणीही दारात येऊन "बाजूवाला" म्हणू शकतो, म्हणून नुसत्या नावावर दार उघडायचं नाही हे आम्ही प्रत्येक घरात बसून सांगितलंय. नावामागं गल्लीचं नाव लावायचं, पहिल्या वेळी नवीन माणसाला एकट्यानं पाठवायचं नाही, ओळखीच्या माणसानं सोबत जाऊन ओळख करून द्यायची, आणि पैसे, कार्ड, पासबुक, ओटीपी यातलं काहीही बाजूवाल्यानं मागायचं नाही, दिलं तरी हातात घ्यायचं नाही. मागितलं तर तो बाजूवाला नव्हे, दार लावून घ्या आणि फोन करा, असं.

रजिस्ट्रेशनचं पण काही जणांनी विचारलं. सध्या आम्ही वर्गणी घेत नाही, पावती फाडत नाही, त्यामुळं केलेलं नाही. पुढं करायचं झालं तर कर्नाटकच्या १९६० च्या सोसायटी कायद्याप्रमाणं निदान सात सभासद लागतात. आणि नावातून सरकारचा पाठिंबा आहे असं भासवता येत नाही, त्यासाठी १९५० चा केंद्राचा कायदा आहे, म्हणून 'राष्ट्रीय', 'शासकीय' असले शब्द वजन यावं म्हणून कुणी जोडू नयेत. आमच्याकडं पाटी नाहीच, कार्ड आहे, टेलिफोनच्या शेजारी भिंतीला चिकटवायचं. त्यावर वर कन्नडमध्ये आणि खाली मराठीत मोठ्या ठळक अक्षरात नाव, गल्ली, आमच्यातल्या दोघांचे नंबर, आणि त्याखाली ज्येष्ठांची हेल्पलाइन १४५६७ आणि तातडीसाठी ११२. नंबर काळ्या शाईत पांढऱ्यावर, कारण फिक्या रंगात छापलेलं मोतीबिंदू असलेल्या डोळ्यांना दिसत नाही, तो नमुना एका आजींनीच परत पाठवला होता.

आपल्या वाचकांपैकी कुणी आपल्या गल्लीत असं काम करत असेल तर नाव ठरवायच्या बैठकीत ज्यांच्या दारात जायचंय त्यातल्या दोघा-तिघांना आधी बसवा आणि त्यांना एवढंच विचारा की पोराला फोनवर हे नाव सांगाल का. ज्या नावाला ते गप्प बसतील ते खोडून टाका. आणि कुणाला आमच्या कार्डाचा नमुना पाहिजे असेल तर आपल्या ऑफिसात एक प्रत ठेवतोय, तिथून घ्यावा, आमचंच नाव घेतलं तरी आमची काही हरकत नाही, फक्त पुढं आपल्या गल्लीचं नाव लावा.

आपला,
एक वाचक
अनगोळ, बेळगाव