पगार महिन्याचा, खर्च वर्षाचा

लातूर

प्रिय सुनंदा,

परवा फोनवर तू विचारलंस, "एका पगारात भाडं, पोरांची शाळा, सगळं भागवतेस तरी कशी?" असले आकडे फोनवर सांगता येत नाहीत, म्हणून हिशोबाची वही पुढ्यात घेऊन बसलेय. तू आता परभणीत वेगळी खोली बघतेयस, तेव्हा उपयोगी पडेल तेवढंच लिहिते. बाकीचं गाऱ्हाणं भेटल्यावर.

माझ्या हातात २४,००० येतात. घरभाडं ६,०००. किराणा, दूध, भाजी आणि गॅस मिळून ८,३००. लाईट, स्कूटीचं पेट्रोल, धाकट्याची व्हॅन, थोरलीची शिकवणी, मोबाईल आणि औषधपाणी यांना ५,३००. म्हणजे १९,६०० गेले आणि ४,४०० उरले. कागदावर छान दिसतं, आणि फसायला होतं ते इथंच. हे पैसे उरलेले नसतातच गं, ते जूनचे असतात.

दोघं कमावते होतो तेव्हा शाळेची फी, दिवाळी, गाडीचा विमा ही ओझी त्या त्या वेळी कोणीतरी उचलायचं आणि महिन्याच्या हिशोबात ती कधी दिसायचीच नाहीत. एकटीच्या पगारात ती आधी मांडावी लागतात. म्हणून महिन्याचा हिशोब बाजूला ठेवून मी आधी वर्षाचा मांडला. दोघांची फी २६,०००, वह्या-पुस्तकं, गणवेश, बूट, दप्तरं ९,०००. दिवाळीला कपडे, फराळ आणि माहेरी जाणं-येणं ६,०००. स्कूटीचा विमा आणि सर्व्हिसिंग साडेतीन हजार. उन्हाळ्यात टँकर आणि जारच्या पाण्याला ३,००० धरले. २०१६ ला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं तेव्हापासून लातूरकर पाण्याचा खर्च धरल्याशिवाय राहत नाही. लग्नसराईच्या आहेराला अडीच हजार; यात काटकसर करायला गेले तर नातलग जगू देणार नाहीत. सगळे मिळून ५०,०००. बाराने भागले तर महिन्याला जवळजवळ ४,२००. म्हणजे माझे खरे उरतात दोनशे रुपये!

हे दोनशे बघितल्यावरच बाकीचे निर्णय सुचले.

पगाराच्या दुसऱ्या दिवशी ४,२०० आपोआप दुसऱ्या खात्यात जातील अशी सूचना बँकेला देऊन ठेवली. त्या खात्याचं एटीएम कार्ड घेतलंच नाही, मोबाईलवरच्या पैसे पाठवायच्या अ‍ॅपलाही ते जोडलं नाही. आईचं म्हणणं आरडी कर. पण आरडीचे पैसे मुदत संपल्यावर हाती येतात, आणि माझे खर्च मध्येमध्ये उगवतात. साधं बचत खातंच बरं पडलं.

आता तुला हमखास अडेल ती गोष्ट. आम्ही वेगळे झालो ते दिवाळीनंतर. तिथून जूनपर्यंत सातच पगार. ४,२०० मधले शाळेच्या वाट्याचे ३,००० धरले तर २१,००० जमतात आणि लागतात ३५,०००. अशा वेळी लोक सोनं गहाण टाकतात. मी एप्रिलमध्येच शाळेत लेखी अर्ज दिला, की फी दोन हप्त्यांत भरते, निम्मी जूनमध्ये आणि निम्मी दिवाळीनंतर. जूनमध्ये मग १३,००० फी आणि ९,००० वह्या-पुस्तकांचे, असे २२,००० लागले. हजार रुपये कमी पडले, ते थोरलीचे जुने बूट अजून चालण्यासारखे होते म्हणून निभावले. पुढच्या पाच महिन्यांत दुसऱ्या हप्त्याचे जमतातच. अर्ज मात्र आधी दे. जूनमध्ये ऑफिसात रांग लागलेली असताना कोणी ऐकून घेत नाही.

खोली बघताना भाड्याच्या आधी मीटर विचार. मी आधी पाहिलेल्या वाड्यात तीन बिऱ्हाडांत एकच मीटर होता आणि भाडं पाचशेनं कमी. महावितरणचा दर १०० युनिटच्या पुढे एकदम चढतो. तिघांचं एकत्र बिल आलं की आपण ९० युनिट जाळले तरी चढ्या दरात वाटेकरी होतो, आणि सबमीटरवाला मालक युनिटला स्वतःच्या मनाचा भाव लावतो तो वेगळाच. स्वतंत्र मीटर असला तर निदान कूलर सुरू होईपर्यंत आपण शंभराच्या आत राहतो. दुसरं म्हणजे भाड्याची तारीख. पगार ५ ला आणि भाडं १ ला, म्हणजे दर महिन्याला उसनवारी. मालकीणबाईंना स्पष्ट सांगितलं. त्या म्हणाल्या, "सात तारखेला द्या, पण सातलाच द्या बरं का." तसंच चाललंय.

पोटगीचं तू विचारलंस. कोर्टानं अंतरिम पोटगी महिना ६,००० ठरवलीय. दोन महिने येते, तीन महिने येत नाही. म्हणून ती मी जमेत धरतच नाही. आली की आधी तीन महिन्यांच्या भाड्याची गंगाजळी, आणि ती भरली की मग पोरांचं काही. ज्या दिवशी किराणा पोटगीवर टाकशील त्या दिवशी तुझा महिना त्यांच्या मर्जीवर गेला. रोख कधी घेऊ नकोस, खात्यावरच घे, म्हणजे कोणता महिना थकला ते पासबुकात दिसतं. आणि हे नीट लक्षात ठेव: पूर्वीचं कलम १२५, आता नव्या संहितेतलं १४४, त्यात थकबाकी वसुलीचा अर्ज रक्कम देय झाल्यापासून एक वर्षाच्या आत करावा लागतो. "देतील की" म्हणत बसलीस तर जुने महिने त्या वाटेनं वसूल करता येत नाहीत. वकिलांना दर सहा महिन्यांनी थकबाकीचा कागद नेऊन दे.

लाडक्या बहिणीचे १,५०० मला नाहीत, माझं वर्षाचं उत्पन्न अडीच लाखांच्या वर जातं. तुझा पगार कमी आहे, आणि त्यात घटस्फोटित, परित्यक्ता बायकांनाही धरलंय. चौकशी कर, पण भाडं त्यावर ठरवू नकोस.

आता माझ्यापुढचा पेच. अकरा महिन्यांचा करार संपतोय आणि भाडं ६०० नं वाढणार. दोनशेतून सहाशे कुठून काढू? किराण्यातून काढता येत नाही, तो मी आधीच गोडं तेल मोजून वापरण्यापर्यंत आणलाय. थोरली यंदा चौथी संपवतेय. पाचवीपासून तिला अनुदानित मराठी हायस्कूलला घालायचं मनात आहे. तिची १४,००० फी वाचते, आठवीपर्यंत पाठ्यपुस्तकं फुकट मिळतात, आणि पाचवीला बरीच पोरं नवीनच येतात, त्यामुळे तीच एकटी नवखी दिसणार नाही. महिन्याला अकराशेच्या वर सुटतात. धाकट्याला मात्र हलवणार नाही. त्याचं घर बदललं, वडील लांब गेले, आता बाईही बदलली तर फार होईल. हिशोबात हे बसत नाही, पण राहू दे. तिला अजून विचारलं नाही, रविवारी विचारीन.

तू आधी तुझ्या जूनचा आकडा काढ आणि पाठव. खोलीचा विसार त्यानंतरच दे.

तुझी,
मीरा